महिन्याच्या मध्येच प्लॅन बदलला, तर बिलिंगच्या दिवशी इन्व्हॉइस कसे तयार करावे

प्रश्न: आम्ही अंधेरीतून कोचिंग क्लासेसना हजेरी आणि फीचे सॉफ्टवेअर मासिक सबस्क्रिप्शनवर देतो. रोज रात्री बारा वाजता एक जॉब चालतो आणि ज्यांची बिलिंगची तारीख आज आहे अशा अ‍ॅक्टिव्ह सबस्क्रिप्शन्सचे इन्व्हॉइस बनवतो. पण कोणी मध्येच प्लॅन बदलला की रक्कम चुकते, आणि जॉब अर्ध्यावर बंद पडून पुन्हा चालवला की काहींना दोन इन्व्हॉइस जातात. याची रचना मुळातून कशी करावी?

उत्तर:

तुमच्या सबस्क्रिप्शनच्या टेबलमध्ये `plan_id` आणि `status` असे दोन रकाने असणार आणि रात्रीचा जॉब ते वाचून रक्कम ठरवत असणार, असे मी गृहीत धरतो, कारण मुंबईतील ज्या कंपन्यांत मी हे काम केले त्या प्रत्येक ठिकाणी सुरुवात अशीच झालेली होती. या दोन रकान्यांना फक्त या क्षणाची स्थिती माहीत असते. इन्व्हॉइस मात्र एका कालखंडाचे असते, आणि त्या कालखंडात कोणता प्लॅन कोणत्या दिवसापासून कोणत्या दिवसापर्यंत लागू होता, हे त्या रकान्यांतून कधीही कळू शकत नाही. म्हणून जॉबमध्ये अटी वाढवत बसण्याआधी नोंद ठेवण्याची पद्धत बदलावी. प्रत्येक सबस्क्रिप्शनसाठी प्लॅनचे तारखांसह तुकडे साठवावेत:

```sql
CREATE TABLE plan_segment (
  subscription_id bigint      NOT NULL,
  plan_id         bigint      NOT NULL,
  price_paise     bigint      NOT NULL,
  starts_on       date        NOT NULL,
  ends_on         date,
  recorded_at     timestamptz NOT NULL
);
```

यात `starts_on` हा दिवस धरलेला आहे आणि `ends_on` हा दिवस धरलेला नाही. म्हणजे एक तुकडा २२ मार्चला संपला आणि दुसरा २२ मार्चला सुरू झाला, तर २२ मार्च हा दिवस दुसऱ्याचाच. ही शिस्त पाळली की मधला दिवस दोनदा मोजला जाणे किंवा अजिबात न मोजला जाणे, हे दोन्ही टळते. किंमत प्लॅनच्या टेबलमधून त्या वेळी वाचू नये, तर तुकड्यातच पैशांमध्ये, पूर्णांक म्हणून उतरवून ठेवावी, कारण उद्या तुम्ही प्लॅनची किंमत वाढवाल तेव्हा जुन्या ग्राहकांचे मागचे हिशेब त्या नव्या किमतीने बदलता कामा नयेत. ‘अ‍ॅक्टिव्ह’ या शब्दाचा अर्थही याच टेबलमधून काढावा: नव्या कालखंडाचा पहिला दिवस ज्या सबस्क्रिप्शनच्या एखाद्या तुकड्यात येतो, ते त्या कालखंडासाठी अ‍ॅक्टिव्ह. `status` हा रकाना स्क्रीनवर दाखवण्यासाठी खुशाल ठेवा, पण पैशांचा हिशेब त्यावर टाकू नका.

आता मुख्य गोष्ट. मध्येच प्लॅन बदलला की त्याच क्षणी ‘जुन्या प्लॅनचे उरलेले पैसे परत, नव्या प्लॅनचे उरलेल्या दिवसांचे पैसे जमा’ अशा दोन ओळी तयार करून त्या पुढच्या बिलासाठी बाजूला ठेवण्याची पद्धत सर्रास दिसते. ग्राहकाने एकदाच बदल केला तर ती चालते. त्याने आठवड्याभरात दोनदा बदल केला, किंवा तुमच्या सपोर्टच्या माणसाने मागच्या तारखेने दुरुस्ती केली, तर त्या बाजूला ठेवलेल्या ओळींपैकी कोणत्या अजून खऱ्या आहेत आणि कोणत्या रद्द व्हायला हव्यात, हे ठरवणे फार अवघड होते. तुमच्याकडे रक्कम कधी जास्त आणि कधी कमी येत असेल, तर बहुतेक हेच घडत आहे. माझा आग्रह असा की बदल झाला तेव्हा काहीही आकारू नये, फक्त तुकडा नोंदवावा. बिलिंगच्या वेळी त्या सबस्क्रिप्शनच्या प्रत्येक कालखंडासाठी दोन आकडे काढावेत. पहिला, तुकड्यांवरून हिशेब केला तर त्या कालखंडाचे एकूण देणे किती. दुसरा, त्या कालखंडासाठी आजवर इन्व्हॉइसमध्ये प्रत्यक्ष किती आकारले. पहिल्यातून दुसरा वजा केला की जे उरते ती आजच्या इन्व्हॉइसवरची समायोजनाची ओळ. यासाठी इन्व्हॉइसच्या प्रत्येक ओळीवर ती कोणत्या कालखंडाची आहे, हे `period_start` आणि `period_end` म्हणून लिहिलेले असणे अनिवार्य आहे. इन्व्हॉइसच्या शिरोभागी एकच कालखंड लिहून भागत नाही, कारण एकाच इन्व्हॉइसवर पुढच्या महिन्याची आगाऊ रक्कम आणि मागच्या महिन्याची दुरुस्ती अशा दोन कालखंडांच्या ओळी येणार असतात.

एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून दाखवतो. दादरच्या एका क्लासचालकाचा कालखंड १२ तारखेला सुरू होतो आणि तो आगाऊ पैसे भरतो. १२ मार्च २०२५ ला त्याला लहान प्लॅनचे ₹१,९९९ आकारले. कालखंड १२ मार्च ते १२ एप्रिल, म्हणजे ३१ दिवसांचा. २२ मार्चला त्याने ₹४,९९९ चा मोठा प्लॅन घेतला. १२ ते २१ मार्च असे १० दिवस लहान प्लॅन लागू होता आणि २२ मार्च ते ११ एप्रिल असे २१ दिवस मोठा. लहान प्लॅनचे १० दिवसांचे ₹६४४.८४ आणि मोठ्या प्लॅनचे २१ दिवसांचे ₹३,३८६.४२ असे मिळून या कालखंडाचे खरे देणे ₹४,०३१.२६ होते. त्यातले ₹१,९९९ आधीच आकारलेले आहेत, म्हणून फरक ₹२,०३२.२६. १२ एप्रिलच्या इन्व्हॉइसवर पुढच्या कालखंडाचे ₹४,९९९ आणि मागच्या कालखंडाचा हा फरक अशा दोन ओळी येतील आणि करपूर्व बेरीज ₹७,०३१.२६ होईल. ग्राहक महाराष्ट्रातीलच असल्याने ९ टक्के सीजीएसटी ₹६३२.८१ आणि ९ टक्के एसजीएसटी ₹६३२.८१, एकूण ₹८,२९६.८८. हाच ग्राहक सुरतेचा असता तर १८ टक्के आयजीएसटी लागला असता, पण प्लॅनच्या हिशेबात काहीही बदलले नसते. म्हणूनच कर हा नेहमी शेवटी, ओळी पक्क्या झाल्यावर लावावा. तुकड्यांच्या हिशेबात तो मिसळू नये.

समायोजनाच्या ओळीवर काय लिहिता, हेही महत्त्वाचे आहे. ‘प्रोरेशन’ एवढेच लिहिले तर क्लासचालक फोन करणारच. ‘मोठा प्लॅन २२ मार्चपासून लागू, ११ एप्रिलपर्यंतच्या २१ दिवसांचा फरक’ असे पूर्ण वाक्य लिहावे. तुमच्याकडे तुकडे आहेत, त्यामुळे हे वाक्य जॉबला स्वतः तयार करता येते.

भागाकारातला पैशाचा घोळ इथेच मिटवून टाकावा. समजा ₹१,००० चा प्लॅन ३० दिवसांच्या कालखंडात दहा-दहा दिवसांच्या तीन तुकड्यांत विभागला गेला, उदाहरणार्थ मध्ये फक्त पत्ता किंवा वापरकर्त्यांची संख्या बदलल्यामुळे. प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे पूर्णांकात आणला तर ₹३३३.३३ तीनदा येतात आणि बेरीज ₹९९९.९९ होते. एक पैसा गेला यात नुकसान काही नाही, पण ‘देणे वजा आकारलेले’ हे सूत्र आता अशा प्रत्येक कालखंडात एका पैशाचा खोटा फरक दाखवू लागते आणि इन्व्हॉइसवर एका पैशाची समायोजनाची ओळ उमटते. यावरचा साधा उपाय म्हणजे तुकड्याची रक्कम थेट न काढता, कालखंडाच्या सुरुवातीपासून त्या दिवसापर्यंतची रक्कम काढून दोन टोकांची वजाबाकी करणे:

```python
def upto(price, day, days):
    return (2 * price * day + days) // (2 * days)

def part(price, s, e, days):
    return upto(price, e, days) - upto(price, s, days)
```

येथे `price` पैशांत आहे, `s` आणि `e` हे कालखंडाच्या सुरुवातीपासून मोजलेले दिवस आहेत आणि `days` म्हणजे कालखंडाचे एकूण दिवस. वरच्या उदाहरणात तुकडे ₹३३३.३३, ₹३३३.३४ आणि ₹३३३.३३ येतात आणि बेरीज नेमकी ₹१,००० भरते. एकाच किमतीचा कालखंड कितीही ठिकाणी तोडला तरी बेरीज हलत नाही, हा या पद्धतीचा गुण आहे. दशांश संख्या आणि पायथनचे `round()` येथे वापरू नका, कारण ते नेमका अर्धा आल्यास जवळच्या सम संख्येकडे झुकते आणि तुमच्या अकाउंटंटचे एक्सेल तसे करत नाही, त्यामुळे दोघांचे आकडे अधूनमधून जुळणार नाहीत.

दिवस कोणता, हा प्रश्न मुंबईत बसून क्षुल्लक वाटतो, पण तो नाही. सर्व्हर मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये असला तरी त्याचे घड्याळ बहुधा यूटीसीवर असते आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे आहोत. क्लासचालकाने २२ मार्चला रात्री सव्वा वाजता प्लॅन बदलला, तर यूटीसीमध्ये ती वेळ २१ मार्चची १९:४५ असते. जॉबने यूटीसीची तारीख घेतली तर मोठ्या प्लॅनचे २१ ऐवजी २२ दिवस धरले जातात आणि ग्राहकाला एका दिवसाचा फरक उगाच भरावा लागतो. मी एका ठिकाणी हा दोष कित्येक महिने राहिलेला पाहिला आहे. तो लक्षात आला तो केवळ यामुळे, की क्लासवाले दिवसभर शिकवण्यात असतात आणि असली कामे रात्री बारानंतर करतात. तक्रार करणारे सगळे रात्रीच बदल केलेले ग्राहक निघाले. बदलाचा क्षण `timestamptz` म्हणून साठवावा आणि तारीख काढताना दर वेळी विभागाचे नाव स्पष्ट लिहावे:

```sql
(changed_at AT TIME ZONE 'Asia/Kolkata')::date
```

तुमचा रात्री बाराचा जॉबही याच कारणाने तपासून पाहा. तो यूटीसीच्या मध्यरात्री सुटत असेल तर आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. आपल्या मध्यरात्री सोडायचा असेल तर यूटीसीप्रमाणे आदल्या दिवशीचे १८:३० द्यावे लागतात आणि मग ‘आज’ म्हणजे कोणता दिवस, हे जॉबला वेगळे सांगावे लागते.

कालखंडाची पुढची तारीख मागच्या तारखेत एक महिना मिळवून काढू नये. पोस्टग्रेसमध्ये ३१ जानेवारीत एक महिना मिळवला की २८ फेब्रुवारी येते, त्यात आणखी एक महिना मिळवला की २८ मार्च, आणि तो ग्राहक कायमचा २८ तारखेवर घसरतो. मूळ तारीख जपून ठेवून तिच्यापासूनच मोजावे:

```sql
SELECT (anchor_date + n * interval '1 month')::date;
```

असे केल्यास फेब्रुवारीत २८ आणि मार्चमध्ये पुन्हा ३१ येते.

आता त्या प्रश्नाकडे येतो ज्याबद्दल परदेशी बिलिंग प्रणालींवर बेतलेल्या रचनांत जवळजवळ काहीच सापडत नाही. तुम्ही बिलिंगच्या दिवशी इन्व्हॉइस बनवून त्याच दिवशी कार्डावरून पैसे घेऊ शकत नाही. रिझर्व्ह बँकेच्या ई-मँडेटच्या चौकटीनुसार, जी १ ऑक्टोबर २०२१ पासून पूर्णपणे लागू झाली, आपोआप होणाऱ्या वसुलीच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला त्याच्या बँकेकडून सूचना जावी लागते आणि त्या सूचनेत रक्कम असते. म्हणजे रक्कम बिलिंगच्या दिवसाआधीच गोठवावी लागते. आमच्याकडे हे असे बसवले होते: १२ एप्रिलच्या बिलासाठी १० एप्रिलला सकाळी मसुदा तयार होतो. त्या मसुद्यावर `as_of` नावाचा क्षण लिहिलेला असतो आणि ज्या तुकड्यांचे `recorded_at` त्या क्षणापूर्वीचे आहे तेवढेच हिशेबात घेतले जातात. त्याच दिवशी गेटवेला सूचनेची रक्कम कळवली जाते. १२ एप्रिलला मसुदा पक्का होतो, त्याला क्रमांक मिळतो आणि वसुली होते.

मग ११ एप्रिलला रात्री नऊ वाजता आपल्या क्लासचालकाने ₹७,९९९ चा सर्वांत मोठा प्लॅन त्याच दिवसापासून घेतला तर? १२ एप्रिलचे इन्व्हॉइस जसेच्या तसे, ₹८,२९६.८८ चेच निघते. पुढच्या वेळी, म्हणजे १२ मेच्या मसुद्यात, ‘देणे वजा आकारलेले’ हे सूत्र दोन्ही कालखंडांवर आपोआप चालते. मार्च-एप्रिलच्या कालखंडात शेवटचा एक दिवस नव्या प्लॅनचा होता, त्याचा फरक ₹९६.७७. एप्रिल-मेच्या कालखंडाचे देणे ₹७,९९९, आकारलेले ₹४,९९९, फरक ₹३,०००. पुढच्या कालखंडाचे ₹७,९९९ मिळून करपूर्व ₹११,०९५.७७ आणि करासह ₹१३,०९३.०१. या प्रसंगासाठी वेगळी एक ओळही कोड लिहावा लागला नाही, आणि याच कारणासाठी मी बाजूला ठेवलेल्या ओळींपेक्षा या सूत्राला पसंती देतो. फक्त किती मागे जाऊन पाहायचे, ते ठरवून घ्यावे. आम्ही मागचे तीन कालखंड पाहत असू आणि त्याहून जुनी दुरुस्ती अकाउंट्सच्या माणसाने हाताने मंजूर करावी असा नियम होता.

यात एक धोका मात्र खरा आहे. ग्राहकाने महिनाभर मोठा प्लॅन वापरला आणि १२ मेला वसुली फसली, तर ₹३,००० अडकतात. शिवाय २०२२ मध्ये अशा वसुलीसाठी दर वेळी ओटीपी न मागण्याची मर्यादा ₹१५,००० करण्यात आली. समायोजनामुळे एखादी रक्कम तिच्या वर गेली की दर महिन्याला बिनबोभाट जाणारी वसुली त्या एका महिन्यात अडते, आणि तुमच्या लोकांना वाटते की कार्डात बिघाड आहे. मसुदा तयार होतानाच रक्कम या मर्यादेशी आणि ग्राहकाने मँडेटमध्ये दिलेल्या कमाल रकमेशी ताडून पाहावी, आणि ती ओलांडत असेल तर मसुद्यासोबतच पैसे भरण्याची लिंक पाठवावी. माझ्या मते, कालखंडाचे निम्म्याहून अधिक दिवस बाकी असताना मोठा प्लॅन घेतला जात असेल, तर फरकाचे इन्व्हॉइस लगेच काढून ग्राहकाला तिथेच पैसे भरायला लावणे उत्तम. सूत्राला त्याने काही अडत नाही: ते इन्व्हॉइस ‘आकारलेले’ या आकड्यात जमा होते आणि १२ तारखेला फरक शून्य येतो. फरक केव्हा देय होईल, हे करारात आधीच लिहिलेले असावे, कारण जीएसटी कायद्यात सलग सेवेसाठी इन्व्हॉइसची वेळ कराराने ठरलेल्या देय तारखेशी जोडलेली आहे. तुमचे शब्द एकदा सीएला दाखवून घ्या.

लहान प्लॅनवर येणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे, कारण तिथे फरक उणे येतो. एकदा आकारलेली करपात्र रक्कम कमी करायची तर सीजीएसटी कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे क्रेडिट नोट काढावी लागते. पुढच्या इन्व्हॉइसवर उणे ओळ छापून मोकळे होणे मला कधीच पटलेले नाही. दर महिन्याला ढीगभर क्रेडिट नोट्स काढण्यापेक्षा लहान प्लॅन पुढच्या कालखंडापासूनच लागू करावा, म्हणजे तुकड्याचे `starts_on` थेट पुढच्या कालखंडाच्या पहिल्या दिवसाचे ठेवावे. बहुतेक ग्राहकांना हे मान्य असते, मात्र बटण दाबण्यापूर्वी ती तारीख स्क्रीनवर स्पष्ट दिसली पाहिजे. ११ एप्रिलला कोणी लहान प्लॅन मागितला तर मसुदा आधीच गोठलेला असतो, म्हणून त्याला १२ मे ही तारीख दाखवावी. चुकून १२ एप्रिल दाखवली गेली असेल तर दिलेला शब्द पाळावा आणि क्रेडिट नोट काढावी. सबस्क्रिप्शन बंद करण्याची गोष्ट मात्र याहून निराळी: बँकेची सूचना आल्यावर त्या वसुलीतून बाहेर पडण्याचा अधिकार ग्राहकाला आहे, म्हणून ११ एप्रिलला कोणी सबस्क्रिप्शन बंद केले तर मसुदा रद्द झालाच पाहिजे. मसुद्याला क्रमांक दिलेला नसल्याने तो रद्द करायला कोणतीही अडचण येत नाही.

क्रमांकाबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण दोनदा जाणाऱ्या इन्व्हॉइसचे उत्तर त्याच्याशी जोडलेले आहे. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे इन्व्हॉइसचा क्रमांक सलग असावा लागतो, त्या आर्थिक वर्षात तो पुन्हा येऊ नये आणि तो १६ अक्षरांहून लांब नसावा. पोस्टग्रेसचे `sequence` यासाठी योग्य नाही, कारण डेटाबेसमधला व्यवहार मागे घेतला गेला तरी त्याने दिलेला आकडा परत येत नाही आणि मालिकेत खिंडारे पडतात. त्याऐवजी मालिकेसाठी एक ओळ ठेवावी आणि इन्व्हॉइस पक्के करण्याच्या व्यवहारातच ती वाढवावी:

```sql
UPDATE invoice_counter
   SET last_no = last_no + 1
 WHERE series = '2526'
RETURNING last_no;
```

व्यवहार फसला तर हा आकडाही मागे जातो. त्या ओळीवर सगळे इन्व्हॉइस एकामागून एक रांगेत येतात, पण काही हजार ग्राहकांसाठी हे काही मिनिटांचे काम आहे. ही रांग टाळण्यासाठी कोणी हुशारी करू लागला तर त्याला थांबवा.

आता दोन इन्व्हॉइस का जातात ते पाहू. एका कंपनीत आमचा जॉब सर्व इन्व्हॉइस एकाच फेरीत बनवत असे आणि कोणाचे झाले, याची नोंद फेरीच्या शेवटी एकदम करत असे. एका रात्री पीडीएफ बनवणारी सेवा अडली आणि फेरी मध्येच तुटली. सकाळी ड्यूटीवरच्या मुलाने तो जॉब पुन्हा चालवला आणि पहिल्या अर्ध्या ग्राहकांच्या खात्यांतून दोनदा पैसे गेले. त्या दिवशी परतावे आणि क्रेडिट नोट्स काढताना मी जे ठरवले ते आजही बदललेले नाही. प्रत्येक सबस्क्रिप्शनचा स्वतंत्र व्यवहार असावा. त्यात सबस्क्रिप्शनच्या ओळीवर `FOR UPDATE` ने कुलूप लावावे, आणि प्लॅन बदलण्याच्या स्क्रीननेही तेच कुलूप घ्यावे, म्हणजे हिशेब चालू असताना मध्येच नवा तुकडा शिरत नाही. त्या कालखंडाचे नियमित इन्व्हॉइस एकदाच बनू शकते, ही हमी कोडमधल्या तपासणीवर न सोडता डेटाबेसवर टाकावी:

```sql
CREATE UNIQUE INDEX one_regular_invoice
    ON invoice (subscription_id, period_start)
 WHERE kind = 'regular';
```

मध्येच काढलेल्या फरकाच्या इन्व्हॉइसचा `kind` वेगळा असतो, त्यामुळे त्याला ही अट अडवत नाही. पीडीएफ, ईमेल आणि वसुली या तिन्ही गोष्टी व्यवहाराच्या बाहेर, इन्व्हॉइस पक्के झाल्यानंतर कराव्यात आणि वसुलीच्या विनंतीसोबत इन्व्हॉइसचा क्रमांक द्यावा, म्हणजे तीच विनंती पुन्हा गेली तरी गेटवेकडे ती ओळखता येते. जॉबने ‘ज्यांची तारीख आज आहे’ असे न विचारता ‘ज्यांच्या पुढच्या कालखंडाची तारीख आज किंवा त्याआधीची आहे आणि ज्यांचे इन्व्हॉइस अजून नाही’ असे विचारावे. एखाद्या पावसाळी रात्री सर्व्हर बंद राहिला आणि जॉब चुकला, तर दुसऱ्या दिवशीचा जॉब मागचे काम स्वतःच उचलतो. तुमच्या सध्याच्या रचनेत त्या रात्रीचे ग्राहक एक महिना बिलाविना राहतील.

मासिकवरून वार्षिक प्लॅनवर जाणाऱ्यांसाठी हे सूत्र ताणू नका. तिथे कालखंडाची लांबीच बदलते, म्हणून जुना कालखंड बदलाच्या दिवशी बंद करावा, त्याचे देणे तेवढ्याच दिवसांपुरते काढावे, उरलेल्या रकमेची क्रेडिट नोट करावी आणि नव्या `anchor_date` ने सुरुवात करावी.

जुन्या रचनेतून या रचनेत येताना तुकडे मागच्या तारखांनी भरावे लागतील. आम्ही त्यासाठी ऑडिट लॉग वापरला, आणि जिथे लॉग नव्हता तिथे शेवटच्या इन्व्हॉइसवरचा प्लॅन त्या कालखंडाच्या सुरुवातीपासून लागू होता, असे धरले. तुकडे भरल्यावर पहिले दोन महिने नव्या जॉबने फक्त मसुदे बनवावेत आणि खरे इन्व्हॉइस जुन्याच जॉबने काढावेत. रोज सकाळी दोघांच्या रकमा ग्राहकागणिक शेजारी ठेवून ज्या जुळत नाहीत तेवढ्याच पाहाव्यात. ज्यांनी प्लॅन बदललेला नाही अशा कोणाच्याही रकमेत फरक दिसला, तर बहुधा तारखेची किंवा यूटीसीची चूक शिल्लक आहे. फरक अगदी एका दिवसाच्या किमतीएवढा असेल तर नक्कीच. प्लॅन बदललेल्यांपैकी प्रत्येकाचा हिशेब मात्र अकाउंट्सच्या माणसासोबत बसून कागदावर करावा, कारण तिथे जुन्या जॉबचा आकडा चुकीचा असण्याची शक्यता अधिक आहे आणि त्याच्याशी जुळणे हे नवा जॉब बरोबर असल्याचे प्रमाण ठरत नाही. त्याच काळात नवा जॉब मुद्दाम एकाच तारखेसाठी दोनदा चालवून पाहा, आणि दुसऱ्या वेळी एकही नवा मसुदा तयार झाला नाही याची खात्री झाल्यावरच वसुलीची जोडणी त्याच्याकडे द्या.